‘फार नाइस आहे’ याच्या पुढे काय लिहायचं?

मार्च जवळ आला की ऑफिसांमध्ये एक फॉर्म फिरायला लागतो. ज्या सहकाऱ्याबरोबर वर्षभर काम केलं त्याच्याबद्दल चार ओळी लिहायच्या असतात. जमेच्या बाजू कोणत्या, सुधारणा कुठे हवी, आणखी काही सांगायचंय का, अशा दोन-तीन चौकटी. मुदत संपत आलेली असते, एचआरचं दुसरं स्मरणपत्र येऊन पडलेलं असतं आणि आपण हातातलं काम बाजूला ठेवून भराभर लिहितो: ‘फार नाइस आहे. सगळ्यांना मदत करतो. त्याच्याबरोबर काम करायला छान वाटतं.’ यात खोटं काहीच नसतं. त्या माणसाचं भलं व्हावं असंच आपल्याला वाटत असतं.

पण ही ओळ पुढे कुठे जाते ते पाहायला हवं. बहुतेक खासगी कंपन्यांत मॅनेजर आपल्या हाताखालच्या प्रत्येकाबद्दल आलेले शेरे वाचतो आणि रेटिंग सुचवतो. मग विभागातले सगळे मॅनेजर एकत्र बसतात. या बैठकीला कॅलिब्रेशन म्हणतात. वरच्या श्रेणीत किती जणांना बसवायचं यावर अनेक ठिकाणी मर्यादा असते, त्यामुळे एकेका नावावर खल होतो. एका नावाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. कुणीतरी विचारतं, ‘याला वरचं रेटिंग का द्यायचं?’ त्या क्षणी मॅनेजर समोरच्या कागदाकडे पाहतो. कागदावर ‘ऑडिटच्या आधी तीन वर्षांच्या जुन्या नोंदींचा गोंधळ याने निस्तरला’ असं असेल, तर त्याच्याकडे बोलायला काहीतरी असतं. ‘नाइस आहे’ असं असेल, तर तो तेवढंच वाचून दाखवतो आणि बैठक पुढच्या नावाकडे जाते.

याहून वाईट एक गोष्ट घडते. यादीतल्या शेजारच्या माणसाबद्दल कुणी त्याच्या कामाचं लिहिलेलं असतं आणि आपल्या माणसाबद्दल फक्त स्वभावाचं. वाचणारा आपसूक अर्थ लावतो की याच्या कामाबद्दल लिहिण्यासारखं काही नसावं. आपण कौतुक म्हणून लिहिलेला शब्द असा त्याच्या विरोधात जातो.

सौम्य शेरा माणसाला किती महागात पडू शकतो याचं सरकारी नोकरीतलं एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. देव दत्त हे सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. बढतीसाठी आधीच्या पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांत ‘व्हेरी गुड’ शेरा हवा, असा निकष होता. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात शेरा होता नुसता ‘गुड’. हा शेरा त्यांना कळवलाच गेला नाही, कारण नियम फक्त प्रतिकूल शेरा कळवण्याचा होता आणि ‘गुड’ला प्रतिकूल कोण म्हणेल? त्या एका शब्दामुळे ते बढतीच्या विचारातूनच बाहेर पडले आणि त्यांच्याहून कनिष्ठ अधिकारी पुढे गेले. २००८ मध्ये निकाल लागला तेव्हा ते निवृत्तही झाले होते. न्यायालयाने सांगितलं की शेऱ्याला नाव काय दिलंय हे महत्त्वाचं नाही, त्याचा परिणाम काय होतो हे पाहायचं. ‘गुड’मुळे बढती हुकत असेल, तर त्या ठिकाणी ‘गुड’ हा प्रतिकूल शेराच. शेरा कोणताही असो, तो संबंधित कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असंही न्यायालयाने ठरवून दिलं.

खासगी कंपनीतल्या सहकाऱ्याने लिहिलेल्या चार ओळींना असा कायदेशीर वजनकाटा नसतो. पण परिणाम पाहून शेऱ्याची किंमत करायची ही कसोटी तिथेही तितकीच लागू पडते, असं मला वाटतं.

मग ‘नाइस’च्या जागी काय लिहायचं? पहिला मोह होतो मोठा शब्द शोधण्याचा. ‘एक्सलंट’, ‘आउटस्टँडिंग’, ‘ग्रेट टीम प्लेयर’. हे शब्द ‘नाइस’इतकेच पोकळ असतात, फक्त आवाज मोठा. मराठीतून फॉर्म भरणाऱ्यांकडे ‘मनमिळाऊ’ आणि ‘होतकरू’ हे दोन तयार शब्द असतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून निरोप समारंभाच्या भाषणापर्यंत ते इतक्या जणांना लागलेले असतात की त्यातून कुणाचाच चेहरा दिसत नाही.

‘नाइस’ म्हणताना आपल्या मनात नेमकं काय होतं, हे आधी स्वतःला विचारावं. या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळे गुण झाकलेले असतात आणि ऑफिसात त्या प्रत्येकाचा उपयोग वेगळा असतो. एखादा माणूस ‘अ‍ॅप्रोचेबल’ असतो, म्हणजे लोक त्याच्याकडे न घाबरता जातात. याची खरी खूण अशी की वाईट बातमी त्याच्यापर्यंत लवकर पोचते. नव्या मुलाने चुकीचं बिल मंजूर केलं आणि त्याच दुपारी येऊन सांगितलं, तर तो अ‍ॅप्रोचेबल माणूस. तीच चूक महिन्याने दुसऱ्या कुणाकडून कळली, तर तो हसतमुख असेल, पण अ‍ॅप्रोचेबल नाही. दुसरा माणूस ‘पेशंट’ असतो. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला तरी त्याचा आवाज चढत नाही आणि उत्तर तितकंच नीट मिळतं. शिकाऊ माणसं ज्या विभागात सतत येतात तिथे हा गुण फार मोलाचा.

तिसरा ‘टॅक्टफुल’ असतो, आणि इथे फसगत हमखास होते, कारण गोड बोलणाऱ्यालाही आपण टॅक्टफुल म्हणून मोकळे होतो. गोड बोलणारा माणूस सगळ्यांना हो म्हणतो आणि त्यातली निम्मी कामं होत नाहीत. टॅक्टफुल माणसाला नाही म्हणता येतं. ‘शुक्रवारपर्यंत जमणार नाही, मंगळवारी देतो, तोवर हा कच्चा तक्ता वापरा’ असं तो सांगतो आणि समोरचा नाराज न होता परत जातो. म्हणून हा शब्द वापरायचा असेल तर त्याने दिलेला एखादा नकार आठवायला हवा. तो आठवत नसेल तर शब्द बदलावा.

चौथा ‘फेअर’ असतो. काम चौघांनी केलं असेल तर चौघांची नावं घेतो, आणि चूक त्याची असेल तर ती दुसऱ्याच्या माथी मारत नाही. पाचवा ‘डिपेंडेबल’ असतो. काम सांगितल्यावर त्याच्या मागे लागावं लागत नाही. उशीर होणार असेल तर तो आधीच कळवतो. या माणसाचं बोलणं कदाचित रुक्षही असेल. तरी त्याच्याबरोबर काम करणं सुखाचं वाटतं आणि ते सुख आपण ‘नाइस’ म्हणून लिहून टाकतो.

‘हेल्पफुल’ हा शब्दही असाच फोडून पाहावा लागतो. मदत म्हणजे आपलं काम थांबवून दुसऱ्याला वेळ देणं, आपल्याला ठाऊक असलेलं शिकवून ठेवणं, किंवा दुसऱ्याचं काम स्वतःच करून टाकणं. यातली तिसरी मदत घेणाऱ्याला सगळ्यात गोड वाटते, पण संस्थेच्या दृष्टीने ती सगळ्यात कमी टिकते, कारण पुढच्या महिन्यात तीच अडचण पुन्हा उभी राहते. लिहिताना कोणती मदत झाली हे स्पष्ट केलं, तर वाचणाऱ्याला माणूस कळतो.

तरीही शब्द कितीही नेमका असला, तो विशेषणच. एखाद्या प्रसंगाने आधार दिल्याशिवाय तो उभा राहत नाही. यासाठी अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेने रूढ केलेली एक साधी रीत आहे. परिस्थिती काय होती, त्या माणसाने काय केलं, त्याचा परिणाम काय झाला, या तीन गोष्टी याच क्रमाने लिहायच्या. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एसबीआय म्हणतात. बँकेशी तिचा संबंध नाही. प्रशिक्षणात ती अनेकांनी ऐकलेली असते, पण फॉर्म भरताना ती क्वचितच आठवते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, आपण एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहोत आणि अकाउंट्समधल्या एका सहकारी बाईंबद्दल लिहायचंय. त्या पुरवठादारांची बिलं पाहतात. बिल मंजूर होण्यासाठी तीन कागद जुळावे लागतात: आपली पर्चेस ऑर्डर, माल आल्यावर स्टोअरने केलेली जीआरएन, आणि पुरवठादाराचं बिल. ऑर्डरमध्ये दर एक आणि बिलात दुसरा, किंवा माल नव्वद नग आलेला आणि बिल शंभर नगांचं, असं झालं की बिल अडकतं. पुरवठादार फोन करतो खरेदी विभागाला, म्हणजे आपल्याला. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या पुढे रखडवायचं नाही, असं एमएसएमईडी कायदा, २००६ सांगतो, त्यामुळे हा नुसता सौजन्याचा प्रश्न राहत नाही.

पहिला खर्डा आपल्या हातून असा उतरतो: ‘त्या फार नाइस आहेत, नेहमी हसून बोलतात, आमच्या विभागाला खूप मदत करतात.’

आता मन खोदायचं. हसून बोलतात म्हणून का आपल्याला त्या आवडतात? अकाउंट्समध्ये हसून बोलणारे आणखी दोघे आहेत. त्यांच्याकडे जायला आपण का टाळतो? आठवायला लागल्यावर ध्यानात येतं की आधी अडकलेल्या बिलाची बातमी आपल्याला पुरवठादाराकडून कळायची. गेल्या जूनपासून या बाई दर महिन्याच्या वीस तारखेला अडलेल्या बिलांची यादी आपल्याला आणि स्टोअरला पाठवतात. प्रत्येक बिलासमोर ते का अडलं, हे एका ओळीत लिहिलेलं असतं: दर जुळत नाही, नग कमी, जीआरएन नाही. मग त्या दहा मिनिटं दोन्ही विभागांबरोबर बसतात. महिनाअखेरीला पूर्वी पन्नासेक बिलं लटकायची, आता दहा-पंधरा लटकतात. ऑक्टोबरमध्ये आपल्याच विभागाने ऑर्डरमध्ये जुना दर टाकला होता. बाईंनी ते सगळ्यांना प्रत न लावता आपल्याला थेट फोन करून सांगितलं आणि ऑर्डरची दुरुस्ती होईपर्यंत बिल रोखून धरलं. वरून घाई आली तरी मंजूर केलं नाही.

म्हणजे ‘नाइस’च्या पोटात तीन गोष्टी निघाल्या. अडचण आधी कळवणं, दोन विभागांना एकत्र बसवणं, आणि नियम न मोडता समोरच्याची लाज राखणं. या तिन्ही कामाच्या गोष्टी आहेत. आता दुसरा खर्डा लिहिता येतो:

‘जूनपासून त्या दर महिन्याच्या २० तारखेला अडकलेल्या बिलांची यादी कारणांसह पाठवतात आणि खरेदी व स्टोअर या दोन्ही विभागांबरोबर बसून ती सोडवतात. त्यापूर्वी महिनाअखेरीला सुमारे ५० बिलं प्रलंबित राहत. आता १० ते १५ राहतात. ऑक्टोबरमध्ये आमच्या ऑर्डरमध्ये दराची चूक होती. त्यांनी ती आम्हाला थेट आणि लगेच कळवली, घाई असूनही दुरुस्तीशिवाय बिल मंजूर केलं नाही. त्यांना अडचण सांगायला आमच्या विभागातली नवी मुलंही कचरत नाहीत.’

यात ‘नाइस’ कुठेही नाही, तरी बाई कशा आहेत ते वाचणाऱ्याला कळतं. शेवटच्या ओळीत स्वभावाचं कौतुक आलं आहे, पण पुराव्यासह. बिलं कमी झाली ती केवळ यांच्यामुळे, असा दावाही केलेला नाही. आधी इतकी होती, आता इतकी आहेत, एवढंच. त्या काळात कदाचित स्टोअरमध्ये नवा माणूस आला असेल, नवं सॉफ्टवेअर आलं असेल. आपण जे पाहिलं तेवढंच लिहावं. आकडा नक्की ठाऊक नसेल तर ‘सुमारे’ म्हणावं, आणि मुळीच ठाऊक नसेल तर ‘पुरवठादारांचे फोन येणं जवळपास थांबलं’ असं डोळ्यांसमोरचं लिहावं. फुगवलेला एक आकडा बैठकीत कुणी पकडला, तर उरलेल्या खऱ्या ओळींवरचा विश्वासही जातो.

उदाहरणात मी मुद्दाम बाई घेतल्या. शिफारसपत्रांचा एक अभ्यास २००९ मध्ये जुआन मादेरा, मिशेल हेबल आणि रँडी मार्टिन या अमेरिकी संशोधकांनी प्रसिद्ध केला. विद्यापीठातल्या नोकऱ्यांसाठी अर्ज करणाऱ्या स्त्रियांबद्दल ‘मदतीला तत्पर’, ‘प्रेमळ’, ‘सांभाळून घेणारी’ अशा अर्थाचे शब्द पुरुषांच्या तुलनेत जास्त आढळले. आणि असे शब्द जितके जास्त, तितकी त्या उमेदवाराला नोकरी द्यावी असं वाचणाऱ्याला कमी वाटलं. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं, कारण आपल्याकडचे शेरेही मी असेच पाहत आलो आहे. टीममधला तंटा मिटवणारी, नव्या मुलाला पहिला महिना शिकवणारी, सुट्टीवर गेलेल्याचं काम लावून देणारी बाई असते आणि तिच्या शेऱ्यात येतं ‘ती सगळ्यांना सांभाळून घेते’. म्हणून ‘नाइस’ खोडून ‘काइंड’ किंवा ‘केअरिंग’ लिहिण्याने काही साधत नाही. तिने नव्या मुलाला शिकवलं असेल, तर ‘दोन नवे सहकारी तिच्या मार्गदर्शनाखाली सहाव्या आठवड्यात स्वतंत्रपणे काम करू लागले’ असं लिहावं. आपण तिचा स्वभाव म्हणून सोडून देतो ते श्रम होते.

‘नाइस’ लिहिण्याचं आणखी एक कारण असतं, त्याबद्दल उघड बोललं जात नाही. माणूस खरोखर सज्जन असतो, पण काम बेताचं असतं. खरं लिहिलं तर त्याचं नुकसान होईल आणि खोटं लिहवत नाही, म्हणून आपण ‘नाइस’च्या आडोशाला जातो. अनुभवी मॅनेजर ते लगेच ओळखतो. अशा वेळी जे खरोखर चांगलं आहे ते प्रसंगासह लिहावं, आणि सुधारणेच्या चौकटीत एकच गोष्ट लिहावी, तीही पुढच्या वर्षी करता येईल अशी. ‘त्याचा वेग कमी आहे’ यात त्याला करण्यासारखं काही सापडत नाही. ‘रिपोर्ट पाठवण्याआधी मागच्या महिन्याच्या आकड्यांशी ताडून पाहिला, तर परत पाठवण्याची वेळ कमी येईल, या तिमाहीत तो तीनदा परत पाठवावा लागला’ यात सापडतं. शिवाय फॉर्ममध्ये पहिल्यांदा सांगण्यापेक्षा ही गोष्ट त्याला वर्षात कधीतरी तोंडी सांगितलेली असावी. लिखित शेऱ्यात ती अचानक वाचायला मिळणं फार लागतं.

आणि कधी ‘नाइस’ लिहिलं जातं ते त्या माणसाबरोबर आपलं काम झालेलंच नसतं म्हणून. तेव्हा ‘या वर्षी आमचा संबंध फक्त वार्षिक स्टॉक मोजणीच्या दोन दिवसांपुरता आला’ असं लिहून त्या दोन दिवसांत जे पाहिलं ते लिहावं. थोड्यावर प्रामाणिकपणे लिहिलेल्या ओळीला वाचणारा मान देतो.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. चांगुलपणाचं उदाहरण देण्याच्या भरात सहकाऱ्याच्या घरच्या गोष्टी फॉर्ममध्ये उतरतात. ‘आईचं आजारपण असूनही सुट्टी घेतली नाही’, ‘लहान मूल असूनही उशिरापर्यंत थांबते’. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ही माहिती त्याने आपल्याला डबा खाताना विश्वासाने सांगितलेली असते. तिचं आता कंपनीच्या दप्तरात काय होईल ते आपल्या हाती नसतं. कामाच्या ओळीत काम पुरेसं आहे.

बहुतेकांची खरी अडचण भाषेची नसते, आठवणीची असते. फेब्रुवारीत फॉर्म आला की गेल्या दोन महिन्यांतलं आठवतं, त्याआधीचं पुसट होतं, आणि पुसट आठवणीतून ‘नाइस’च निघतं. यावर उपाय सोपा आहे. मेलबॉक्समध्ये सहकाऱ्याचं नाव टाकून शोधावं आणि एप्रिलपासून एकेक महिना नुसता चाळत यावं. मेलचे विषय वाचूनच विसरलेले प्रसंग समोर येतात: तो अडकलेला ट्रक, तो रात्री बंद पडलेला सर्व्हर, ते परत आलेलं टेंडर. त्यातले दोन निवडावेत, शक्यतो एक वर्षाच्या पहिल्या अर्ध्यातला. लिहून झाल्यावर त्या शेऱ्यातलं नाव झाकावं आणि तो दुसऱ्या कुणाला लावून पाहावा. तसाच्या तसा लागला, तर अजून काम बाकी आहे.

या वर्षी तुमच्याकडे पाच जणांचे फॉर्म आले असतील आणि हाताशी तासभरच असेल, तर त्यातल्या सगळ्यांसाठी विशेषणं शोधत बसू नका. प्रत्येकाचा एक प्रसंग आठवा, तो तीन वाक्यांत लिहा, आणि फॉर्म पाठवून द्या. पुढच्या बैठकीत त्यांच्या बाजूने बोलणाऱ्याला तेवढ्या तीन वाक्यांची गरज असते.